घर, अंगण, वेस: बारा बारचा ब्लूज आणि रॉकची गाणी

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांतून घडलेलं संगीत. वांद्र्याच्या महबूब स्टुडिओत २०११ पासून त्याचा जो महोत्सव भरत आला आहे, त्याचा शेवट साधारण ठरलेला असतो. दिवसभर आपापल्या बँडबरोबर वाजवलेले कलाकार रात्री एकाच मंचावर गोळा होतात आणि जॅम सुरू होतो. एका वर्षी तबला वाजवणारा माझा एक मित्र शेजारी उभा होता. मंचावर सातआठ जण, कुणी कुठल्या देशातून आलेलं, कुणी कुठल्या. एकानं मान हलवली आणि सगळे एका क्षणी सुरू झाले, एका क्षणी वळले, एका क्षणी थांबले. मित्रानं विचारलं, "यांनी तालीम कधी केली?"

केलीच नव्हती. अशा जॅममध्ये तालमीच्या जागी एक वाक्य असतं: "ब्लूज इन ए, फ्रॉम द फाइव्ह." एवढं म्हणून चार आकडे मोजायचे, की पुढची दहा मिनिटं काय वाजणार ते सगळ्यांना कळलेलं असतं. या वाक्यात काय दडलंय ते उलगडलं, की एल्व्हिस, चक बेरी, बीटल्स आणि लेड झेपलिन यांची कितीतरी गाणी आतून एकाच बांधणीची का आहेत, तेही कळतं.

## आधी दोनच शब्द

पहिला शब्द बार. चार मात्रांचा एक खण म्हणजे एक बार. पायानं ठेका धरून एक-दोन-तीन-चार मोजलं की एक बार झाला. दुसरा शब्द कॉर्ड. तीन किंवा अधिक स्वर एकदम दाबले की जो एकत्रित नाद येतो, तो कॉर्ड.

घरात पेटी असेल तर ती काढाच. पांढरी एकचा सा धरा आणि सा, ग, प एकदम दाबा. हा पहिला कॉर्ड. आता म, ध आणि वरचा सा दाबा. हा मध्यमावर उभा राहिलेला, म्हणून चौथा. मग प, नि आणि वरचा रे. हा पंचमावरचा, म्हणून पाचवा. वाजवणारे यांना वन, फोर आणि फाइव्ह म्हणतात. आपण त्यांना घर, अंगण आणि वेस म्हणू.

ही नावं उगाच दिलेली नाहीत. पेटीवर तीनही कॉर्ड आलटूनपालटून दाबून पाहा. पहिल्यावर थांबलात तर काही राहिलं असं वाटत नाही, ते घर. चौथ्यावर गेलात की थोडं मोकळं वाटतं, पण घर नजरेच्या टप्प्यात असतं, ते अंगण. पाचव्यावर थांबून पेटी बंद केलीत तर घरातलं कुणीतरी आतून ओरडेल, "अरे, पूर्ण कर की!" वेशीवर आलेल्या माणसाला कुणी तसंच सोडत नाही. त्यातला नि वरच्या सा कडे ओढ घेतो, आणि ती ओढ रागदारी ऐकणाऱ्या कानाला वेगळी समजवावी लागत नाही.

आणखी एक गंमत. या तीन कॉर्डांतले स्वर एकत्र मांडले तर सा रे ग म प ध नि हे सातही शुद्ध स्वर पुरे होतात. म्हणूनच साध्या सुराला टेकू द्यायला बहुतेक वेळा एवढे तीन पुरतात.

## बारा बारांचा नकाशा

आता बारा बारांत या तीन जागांवर कधी जायचं ते पाहा. एका ओळीत चार बार धरले आहेत:

```
घर    घर    घर   घर
अंगण  अंगण  घर   घर
वेस   अंगण  घर   घर
```

संपलं. एवढाच तो प्रसिद्ध बारा बारचा ब्लूज. शेवटच्या बाराव्या बारला बऱ्याचदा घरी न थांबता पुन्हा वेशीवर एक फेरी मारतात, म्हणजे पुढची फेरी ओढून आणल्यासारखी सुरू होते. या वळणाला टर्नअराउंड म्हणतात. आणि पुष्कळ जण दुसऱ्याच बारला एकदा अंगणात डोकावून परत येतात. त्याला क्विक चेंज म्हणतात. बाकी नकाशा तोच.

बारा म्हटल्यावर आपल्याला एकताल आठवतो, आणि इथेच पहिला घोळ होतो. एकतालात बारा मात्रा असतात. इथे बारा बार आहेत, प्रत्येकी चार मात्रांचे, म्हणजे एकूण ४८ मात्रा. मित्राला हे सांगितल्यावर तो क्षणभर बोटं मोजत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे तीनतालाची तीन आवर्तनं की!"

अगदी बरोबर. वरच्या नकाशातली प्रत्येक ओळ म्हणजे सोळा मात्रांचं एक आवर्तन. पहिल्या आवर्तनाची सम घरावर पडते, दुसऱ्याची अंगणावर, तिसऱ्याची वेशीवर. वजन अर्थातच तीनतालाचं नसतं. ब्लूजमध्ये मात्रा सहसा तिनात वाटून तिचा पहिला आणि तिसरा तुकडाच वाजवतात, त्यामुळे चाल झोके घेत जाते. पण मोजायला आपल्या लोकांना याहून सोपी पट्टी मिळणार नाही: तीन समा आणि प्रत्येक समेला नवी जागा.

भूमिका म्हणाल तर हा लेहरा आहे. तबल्याच्या एकलवादनात पेटीवाला लेहरा धरतो, तो पुन्हा पुन्हा तसाच फिरतो आणि त्याच्या आधारावर तबलजी वाटेल तिकडे जाऊन समेवर येतो. बारा बार हेच काम करतात. त्यांना चाल नाही, शब्द नाहीत, राग नाही. ते फक्त फिरत राहतात आणि कोण कुठे आहे ते सांगत राहतात.

## बाराच का? सोळा का नाहीत?

हा प्रश्न रास्त आहे. युरोपीय वळणाची बहुतेक गाणी आठ किंवा सोळा बारांत बसतात, म्हणजे दोन किंवा चार सारख्या ओळींत. बारा बारमध्ये एक ओळ कमी पडल्यासारखी वाटते. कारण शब्दांत आहे.

ब्लूजचं कडवं तीन ओळींचं असतं. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. मूळ गाण्यांतले शब्द इथे देण्यापेक्षा आपलंच एक कडवं रचून दाखवतो:

काल राती लाइट गेली, अजून काही आली नाही
अहो, काल राती लाइट गेली, अजून काही आली नाही
बिल भरायला गेली बायको, तीही परत आली नाही

हे आता नकाशावर ठेवा. पहिली ओळ घरात म्हटली. दुसऱ्यांदा शब्द तेच, पण खालची जमीन बदलली. आपण अंगणात आहोत, त्यामुळे तेच वाक्य जरा जास्त कळवळून म्हटल्यासारखं लागतं. आणि खरी बातमी, बायको गेल्याची, वेशीवर येते, जिथे ताण सगळ्यात जास्त आहे. तिथून अंगणातून घरी येईपर्यंत माणसं हसलेली तरी असतात किंवा गप्प झालेली तरी.

पहिली ओळ दोनदा म्हणण्यात दुसरीही सोय आहे. ऐन वेळी कडवं जुळवणाऱ्या गायकाला तिसरी ओळ सुचायला तेवढा अवधी मिळतो.

पण बांधणीचा खरा मासला ओळीच्या आत आहे. प्रत्येक ओळीला सोळा मात्रा मिळतात, आणि गायक त्या सगळ्या भरत नाही. त्याचे शब्द साधारण नवव्या मात्रेच्या आसपास, म्हणजे तीनतालाच्या भाषेत खालीच्या मात्रेवर, संपतात. उरलेल्या अर्ध्या आवर्तनात गिटार, पियानो किंवा माऊथ ऑर्गन उत्तर देतो. गोंधळात मुख्य गोंधळ्यानं ओळ टाकावी आणि मागच्यांनी ती उचलावी, तसं. अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या कामाच्या गाण्यांत आणि प्रार्थनेत ही सवाल-जवाबाची रीत होती. घर-अंगण-वेस हे तीन कॉर्ड चर्चच्या स्तोत्रांतून आणि युरोपीय लोकगीतांतून आले. दोन्हींचा सांधा जुळला तो मिसिसिपी आणि आसपासच्या दक्षिणी राज्यांत, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला.

डब्ल्यू. सी. हँडी हा शिकलेला, बँड चालवणारा कृष्णवर्णीय संगीतकार. १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट पाहताना त्यानं एका फाटक्या कपड्यातल्या माणसाला तारांवर सुरी दाबून गिटार वाजवताना ऐकलं. दोन रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात त्या गावी निघाल्याबद्दलची एकच ओळ तो तीनदा म्हणत होता आणि मधल्या जागा गिटारनं भरत होता. म्हणजे तीन ओळींचा सांगाडा आणि उत्तराची जागा तेव्हाच तयार होती. वेगळी तिसरी ओळ त्या गाण्यात नव्हती, एवढंच. हँडीनं १९१२ मध्ये 'मेंफिस ब्लूज' आणि १९१४ मध्ये 'सेंट लुइस ब्लूज' छापून विकले. १९२० मध्ये मेमी स्मिथचं 'क्रेझी ब्लूज' ध्वनिमुद्रित होऊन तुफान खपलं आणि कंपन्या ब्लूज गाणाऱ्यांच्या शोधात निघाल्या. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. रस्त्यावर मनाला येईल तेवढं लांबणारं गाणं स्टुडिओत आलं, सोबतीला बँड आला आणि सगळ्यांना एकाच वेळी वळायचं असेल तर मोजमाप ठरवणं भाग पडलं. बारा बार घट्ट झाले ते या काळात.

## कोमल की शुद्ध?

पेटीवर वरचे कॉर्ड वाजवून पाहिलेत तर ते ब्लूजसारखे लागणार नाहीत. शाळेच्या प्रार्थनेसारखे लागतील. एक मसाला राहिला आहे. घराच्या सा-ग-प मध्ये कोमल नि घाला. अंगणाच्या म-ध-सा मध्ये कोमल ग घाला. वेशीच्या प-नि-रे मध्ये वरचा म घाला. आता वाजवा. लगेच काहीतरी खरखरीत, अर्धवट तक्रार केल्यासारखं लागेल.

मौज अशी की घरात शुद्ध ग आहे आणि अंगणात कोमल ग. पाचव्या बारला जागा बदलते तेव्हा ग खाली घसरतो आणि कोमल नि उतरून ध वर बसतो. दोन स्वर एकदम अर्ध्या पायरीनं खाली सरकतात. ब्लूज ऐकताना पाचव्या बारला पोटात जो हलका खड्डा पडतो, तो या दोन स्वरांचा.

आणि गायक? तो शुद्ध आणि कोमल यांच्या मधला ग लावतो, मींडेनं, कधी खालून वर, कधी वरून खाली. गिटारवाला तार बोटानं ढकलून तेच करतो. पेटीवर तो स्वर सापडणार नाही. दोन पट्ट्यांच्या मधे पेटीला जागाच नाही. पियानोवाले त्यावर एक नामी युक्ती करतात: कोमल ग आणि शुद्ध ग पाठोपाठ किंवा चक्क एकदम दाबतात आणि मधल्या स्वराचा भास करून देतात. हीच युक्ती पेटीवर करून पाहा, शेजारी दुरुस्तीवाल्याचा नंबर देतील.

युरोपीय शास्त्राच्या दृष्टीनं हे सगळं चुकीचं आहे. तिथे असा चार स्वरांचा कॉर्ड म्हणजे अस्थिर, त्यानं पुढे सरकायलाच हवं. ब्लूजमध्ये घरच असं अस्थिर असतं. शिवाय त्या शास्त्राचा आवडता रस्ता अंगणातून वेशीवर आणि वेशीवरून थेट घर असा. ब्लूज नवव्या बारला वेशीवर चढतो आणि दहाव्याला अंगणातून रमतगमत उतरतो. ढोल्या आवाजात "हे असं नसतं" म्हणणारा शिक्षक प्रत्येक गावात असतो. पण कानांनी हा रस्ता मान्य केला आणि रॉकनं तो जसाच्या तसा उचलला.

## पियानोचा डावा हात गिटारवर कसा आला

इतकी रॉक गाणी या साच्यावर का, याची बरीच उत्तरं देतात. मला सगळ्यात पटतं ते हाताचं उत्तर.

१९२० च्या दशकात दारूच्या गुत्त्यांत आणि भाड्याच्या घरांतल्या पार्ट्यांत नाचायला लावायचं काम एकट्या पियानोवाल्याकडे असे. त्याचा डावा हात एक ठरलेली, गडगडणारी नक्षी न थांबता वाजवी आणि उजवा हात वर मोकळा खेळे. याला बूगी-वूगी म्हणतात. पाइनटॉप स्मिथनं १९२८ मध्ये या नावाचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तेही बारा बारचंच. डाव्या हाताला नकाशा पाठ असतो, तो फक्त नक्षी घरावरून अंगणावर, अंगणावरून वेशीवर उचलून ठेवतो.

ब्लूज गाणाऱ्या रॉबर्ट जॉन्सननं १९३६ मध्ये सॅन अँटोनिओत आणि १९३७ मध्ये डॅलसमध्ये जी गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यांतल्या काहींत हा डावा हात गिटारच्या जाड तारांवर आलेला स्पष्ट ऐकू येतो. आणि इथे गिटारची रचनाच मदतीला धावली.

गिटारच्या सगळ्यात जाड तीन तारा मोकळ्या छेडल्या तर ई, ए आणि डी हे स्वर देतात. ए हे घर धरलं तर डी हे त्याचं अंगण आणि ई ही त्याची वेस. म्हणजे तीनही जागा शेजारशेजारच्या तीन तारांवर आयत्या मिळतात, बोट न लावता. घरासाठी ए ची मोकळी तार आणि तिच्या खालच्या बारीक तारेवर दुसऱ्या फ्रेटला, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या दुसऱ्या आडव्या पट्टीला, पहिलं बोट. दोनदा वाजवा. मग चौथ्या फ्रेटला तिसरं बोट टाकून दोनदा वाजवा, बोट उचला आणि पुन्हा तेच. अंगणात जायचं तर हात तसाच एक तार खाली, बारीक तारांकडे न्यायचा. वेशीवर जायचं तर ए वरून एक तार वर, जाड तारेकडे. बोटांचा आकार बदलतच नाही, कारण या तारांमधलं अंतर सारखंच आहे.

गिटार हातात घेतलेल्या मुलाला हे एका संध्याकाळी जमतं, निदान ओळखू येईल इतपत जमतं. लिव्हरपूल किंवा लंडनच्या उपनगरातल्या, नोटेशन वाचता न येणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोरांनी १९५० च्या दशकात नेमकं हेच केलं. रेकॉर्ड लावायची, सुई पुन्हा मागे ठेवायची आणि दोन बोटं हलवायची. पियानोवाल्याला जे कमवायला वर्षं लागली, त्याची सोपी आवृत्ती गिटारच्या तारांनी त्यांना फुकट दिली.

बाकीची कारणं याला येऊन मिळाली. ज्यूकबॉक्सला तीन मिनिटांची, नाचता येणारी गाणी हवी होती. स्टुडिओचे तास महाग होते आणि ज्यांना नकाशा पाठ आहे ते वादक दोन तासांत चार गाणी उरकू शकत. शिकागोच्या गोंगाटी गुत्त्यांत आवाज पोचावा म्हणून गिटारला वीज जोडली गेली होतीच.

## एक गाणं उघडून पाहू

चक बेरीचं 'जॉनी बी. गुड', १९५८. अमेरिकेनं १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याच्या मुलाम्याची जी तबकडी अंतराळात पाठवली, तिच्यावर हे गाणं आहे.

गाण्याचा सा बी फ्लॅट, आपल्या पेटीची काळी पाच. अंगण काळी दोनवर, वेस पांढरी चारवर. मोकळ्या तारा कामी येत नसल्यानं गिटारवाल्याला हा सा अवघड पडतो, पण चक बेरी ज्याच्या बँडमध्ये आधी आला तो जॉनी जॉन्सन पियानोवादक होता, आणि पियानो-सॅक्सोफोनवाल्यांना अशा पट्ट्या सोयीच्या. बेरीच्या गिटारवर पियानोच्या डाव्या हाताची छाया किती आहे, ते नुसत्या पट्टीवरूनही कळतं.

सुरुवातीची गाजलेली गिटार म्हणजे बारा बारांची एक फेरी. मग कडवं: एक फेरी. मग "गो, गो" असं ओरडायचं धृपद: तीच एक फेरी, आणि प्रत्येक हाकेला गिटार उत्तर देते. म्हणजे खालीनंतरची सवाल-जवाबाची जागा इथे चक्क धृपद झाली. पुन्हा कडवं, धृपद, मग गिटारचं एकलवादन, मग पुन्हा कडवं आणि धृपद. लय इतकी द्रुत की एक फेरी साधारण १७ सेकंदांत संपते. नऊएक फेऱ्या झाल्या की अडीच मिनिटांच्या थोडं पुढे गाणं संपलं. कडवं आणि धृपद यांच्या कॉर्डांत काहीच फरक नाही. फरक आहे तो फक्त वर काय चाललंय त्यात.

नकाशात त्यानं एक बदल केला आहे. दहाव्या बारला तो अंगणात उतरत नाही, वेशीवरच दोन बार थांबतो आणि तिथून थेट घरी उडी मारतो. दुसरा बदल चालीत. ढोलवाला झोके घेत असताना बेरीची गिटार मात्रेचे सरळ दोन तुकडे करत सपाट धावते. त्या दोघांच्या घासण्यातून जी ठिणगी पडते, ती मला रॉकची खूण वाटते.

## मग सगळी गाणी सारखीच नाही का लागत?

काही लागतात, खोटं कशाला बोला. पण तीनतालात बांधलेल्या सगळ्या बंदिशी सारख्या वाटतात, अशी तक्रार आपण कधी करत नाही. कारण आपण तालाला गाणं समजत नाही. इथेही तेच. बिग मामा थॉर्नटननं १९५२ मध्ये म्हटलेलं 'हाउंड डॉग' आणि एल्व्हिसचं १९५६ चं 'हाउंड डॉग' हे दोन्ही याच सांगाड्यावरचं एकच गाणं आहे. तरी तिचं संथ गुरकावणं आणि त्याची धडक पाठोपाठ ऐकली तर दोन वेगळ्या माणसांची भांडणं वाटतात. जेम्स ब्राउनच्या १९६५ च्या 'आय गॉट यू' चं कडवं बारा बारचं आहे हे सांगितल्याशिवाय पुष्कळांच्या लक्षात येत नाही, कारण कान पितळी वाद्यांकडे आणि किंकाळीकडे असतो. लेड झेपलिननं १९७१ च्या 'रॉक अँड रोल' मध्ये प्रत्येक जागेवरचा मुक्काम दुप्पट करून तोच नकाशा २४ बारांवर ताणला.

आणि नकाशा सगळ्यांना पाठ असेल तर तो मोडण्यातही मजा येते. बीटल्सचं १९६५ चं 'डे ट्रिपर' घ्या. कडवं सुरळीत ब्लूजसारखं निघतं, घर, अंगण, पुन्हा घर. आता वेस येणार म्हणून कान टवकारावेत, तर गाणं भलत्याच कॉर्डवर निघून जातं. ज्याला बारा बार ठाऊक नाहीत त्याला हे नुसतं छान वाटेल. ज्याला ठाऊक आहेत तो दचकतो.

## ही चोरी नाही का?

नकाशाची चोरी होत नाही, कारण तो कुणाच्या नावावर नाही. अमेरिकी न्यायालयांतही सर्वसाधारण कॉर्डक्रम हा सगळ्यांचा सामायिक माल मानण्याकडे कल आहे. २०२३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये एड शीरनवरचा खटला गाजला, तो अशाच एका कॉर्डक्रमावरून (बारा बारच्या नव्हे), आणि ज्यूरीनं शीरनच्या बाजूनं कौल दिला.

पण शब्द आणि चाल यांची मालकी असते, आणि तिथे रॉकचा इतिहास फारसा स्वच्छ नाही. विली डिक्सन हा शिकागोच्या ब्लूजचा मोठा गीतकार. लेड झेपलिनच्या 'होल लॉटा लव्ह' मध्ये आपल्या गाण्याचे शब्द आहेत म्हणून त्यानं १९८५ मध्ये दावा लावला. १९८७ मध्ये तडजोड झाली. थॉर्नटनचं 'हाउंड डॉग' १९५३ मध्ये कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, तरी जगानं ते गाणं एल्व्हिसचं म्हणूनच ओळखलं. सांगाडा सगळ्यांचा होता, गल्ला नव्हता.

## सगळा रॉक यावरच उभा आहे का?

नाही. १९५० च्या दशकातलं रॉक अँड रोल आणि १९६० च्या दशकातला ब्रिटिश ब्लूज यांत याचं पीक भरघोस. पुढे ते विरळ होत गेलं. बीटल्सच्याच १९६४ च्या 'कान्ट बाय मी लव्ह' मध्ये कडवं बारा बारचं आहे आणि धृपद मात्र वेगळ्या कॉर्डांवर. रॉकला कडव्यापेक्षा उंच उडी मारणारं धृपद हवं होतं, आणि एकाच नकाशावर फिरणाऱ्या गाण्यात ती उंची मिळेना. आजच्या पॉपमध्ये चार कॉर्डांचं छोटं चक्र जास्त चालतं. त्यात वेशीवर जाऊन परतायचा लांब प्रवास नसतो.

उलट, ब्लूज म्हणजे बारा बारच असंही नाही. मडी वॉटर्सचं 'हूची कूची मॅन' सोळा बारचं आहे, एल्व्हिसचं 'हार्टब्रेक हॉटेल' आठ बारचं. जॉन ली हूकर तर बहुतेक वेळा एकाच कॉर्डवर बसून असे आणि शब्द संपेल तेव्हा वळे, बार साडेअकरा होवोत की साडेतेरा. एकट्यानं वाजवताना त्यात काही बिघडत नाही. मागे बँड असला की सगळ्यांचे डोळे त्याच्या पायाकडे लागत.

## ओळखायचं कसं, आणि चुकतं कुठे

पुढच्या वेळी एखादं जुनं रॉक गाणं लागलं की मांडीवर तीनताल धरा. पहिल्या शब्दापासून नको, कारण गायक बऱ्याचदा समेच्या आधीच उचल घेतो. ढोल किंवा बेस जिथे जोर देतो तिथून धरा. दुसऱ्या समेला जमीन सरकली आणि त्याच आवर्तनाच्या खालीला परत आली, तर शंका घ्या. तिसऱ्या समेला सगळ्यात वरची जागा लागली तर खात्री.

वाजवणारे नवशिके चुकतात ते हमखास एकाच ठिकाणी. सातव्या-आठव्या बारला घर आहे आणि अकराव्या-बाराव्यालाही घरच आहे. एकलवादनाच्या तंद्रीत माणूस आठव्यानंतर फेरी संपली समजून पुन्हा पहिल्या बारला जातो आणि बाकीचे नवव्याला वेशीवर पोचलेले असतात. मंचावर अचानक दोन कॉर्ड भांडायला लागले की हेच झालेलं असतं. जुने वादक अशा वेळी थांबत नाहीत. बेसवाला चुकणाऱ्याकडे बघतो, ढोलवाला नवव्या बारच्या आधी मुद्दाम एक खणखणीत तुकडा टाकतो, आणि हरवलेला माणूस वेशीवर भेटतो.

मित्राला हे सगळं सांगून झालं, तोवर पुढचा जॅम सुरू व्हायच्या बेतात होता. ए म्हणजे घर कुठे ते त्याला आता ठाऊक होतं. 'फ्रॉम द फाइव्ह' राहिलं होतं: फेरी पहिल्या बारपासून नाही, नवव्यापासून धरायची. तिसऱ्या आवर्तनाची सम आधी, म्हणजे चार बारांत सगळे वेशीवरून घरी येतात, लय एकमेकांच्या कानात बसते आणि मग पहिलं कडवं. "मुखडा घेऊन समेवर येणं," तो म्हणाला, आणि मांडीवर ठेका धरून बसला.